मागच्या सीटचा हिशोब

तेजल रोज सकाळी पामच्या नाक्यावर माझ्या स्कूटरवर बसायची आणि बोईसर स्टेशनच्या पार्किंगला उतरायची. पुढे दोघींची नोकरी पालघरला, माझी लॅबमध्ये, तिची चष्म्याच्या दुकानात. महिन्याला अर्धं पेट्रोल देऊन ती गाडीवर अशी ऐटीत बसायची, की बघणाऱ्याला वाटावं, मी तिची ड्रायव्हर आहे.

विम्याची तारीख जवळ आली त्याच आठवड्यात मागचा टायर गुळगुळीत झाला आणि माझं डोकं फिरलं. गाडी काय नुसतं पेट्रोल खाते? आमच्या घिवलीची समुद्राची खारी हवा, स्कूटरला चेन नाही म्हणून काय झालं, नटबोल्ट तर गंजतातच. मी तिला पार्किंगमध्येच ऐकवलं.

"सर्विसिंग तीनदा, तेराशेप्रमाणे एकोणचाळीसशे. विमा साडेबाराशे. दोन टायर साडेतीन हजारांचे, अडीच वर्षं चालतात, म्हणजे वर्षाला चौदाशे. पार्किंगचा पास चारशे, वर्षाचे अठ्ठेचाळीसशे. झाले अकरा हजार साडेतीनशे. तुझा अर्धा वाटा महिन्याला पावणेपाचशे. पेट्रोल वेगळं."

"घिवली ते पाम तुमी एकट्याच येता ना, ताई? त्याचं सर्विसिंग पन मीच करायचं?"

"मागचा टायर कोणाच्या वजनानं झिजतो मग?"

हे बोलायला नको होतं. तेजलचे गाल फुगले. तिने हात पुढे केला. "विम्याचा कागद दाखवा. अर्धे पैसे देयाचे तर बघू तरी."

मी मोबाईलवर पॉलिसी उघडून दिली. गाडी आठ वर्षांची, म्हणून मी फक्त थर्ड पार्टी घेते, सोबत मालकाचा अपघात विमा, वारस माझा नवरा केदार. तेजलने चष्म्याच्या दुकानातल्या नजरेने एकेक ओळ वाचली.

"गाडीवर तुमी गेलात तर केदारदादाला पंधरा लाख. आनि मी गेले तर माज्या आईला?"

मी पुन्हा पुन्हा वाचलं. मागे बसणाऱ्यासाठी त्यात दमडीही नव्हती.

"म्हंजे तुमच्या मरनाचे अर्धे पैसे मी भरायचे," तेजल म्हणाली, "आनि माज्या मरनाचं काय नाय. भारी हाय हो तुमचं!"

दुसऱ्या दिवसापासून ती शेअर रिक्षाने यायला लागली. मी नाक फुगवून पामच्या नाक्यावरून सुसाट निघून जायचे. महिना संपला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पार्किंगवाल्याने चारशेच घेतले, एकटी आलीस म्हणून दहा रुपये सोडले नाहीत. मेकॅनिकने ऑइल तेवढंच ओतलं. विमा कंपनीला तर तेजल रुसल्याचं कळलंही नव्हतं. कमी झालं ते फक्त तिचं अर्धं पेट्रोल. आणि खरं सांगते, पामपासून बोईसरपर्यंत मागून कोणी बडबडत नाही म्हणजे काय असतं, ते मला पहिल्यांदाच कळलं. मला ती हवी होती.

एजंटकडे गेले. मागे बसणाऱ्याचा अपघात विमा मिळतो का विचारलं. म्हणाला, सत्तर रुपये जास्त भरा, वर टॅक्स, एक लाखाचा मिळेल. भरले.

सोमवारी पामच्या नाक्यावर ब्रेक मारला आणि कागद तिच्या नाकासमोर धरला.

"फक्त लाख?" तेजल म्हणाली. "तुमी पंधरा लाखाच्या आनि मी एका?"

"मागच्या सीटला एवढाच मिळतो. बसायचं तर बस."

ती बसली. वर म्हणाली, "टायर, सर्विसिंग, विमा तुमी बघा. पार्किंगचा पास पूर्न माझा. पेट्रोल अर्धं." मी मनात हिशोब केला, पाऊणशे कमी पडत होते. पण पुन्हा वजनाचा विषय काढण्याची छाती माझ्यात नव्हती.

पहिल्या तारखेला पास तिनेच काढला. त्या संध्याकाळी मला थोडं लवकर सुटायला मिळालं. आधीची लोकल पकडून बोईसरला उतरले, स्कूटर बाहेर काढायला गेले, तर पार्किंगवाला आडवा.

"पास दिखाओ."

"भैया, गाडी मेरी है. रोज देखते हो."

त्याने रजिस्टर माझ्याकडे वळवलं. माझ्या गाडीच्या नंबरापुढे नाव लिहिलं होतं, तेजल. "मॅडम बोल के गई है, उनके बिना किसी को गाडी नहीं देने का. आपको तो खास."

मी आरसी दाखवली, आवाज चढवला, त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो ढिम्म हलला नाही. शेवटी तेजलला फोन लावला.

"येते ना," ती म्हणाली. "एवढी काय घाई हाय? एकट्या निघाल्या होत्या काय?"

मी फोन ठेवला आणि माझ्याच स्कूटरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.