तिसऱ्या महिन्यातला पहिला दिवस

आमच्या ह्यांच्या नडगीचं हाड आठ महिने झाले तरी जुळायला तयार नव्हतं. लेथवर दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस, तो माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्चीत पाय पसरून बसलेला, आणि मी आपली लोकांच्या पँटी आखूड करतेय. स्कूटरवरून पडायला एक क्षण लागला. उठायला किती लागणार, ते कुणी सांगेना.

हाडांच्या डॉक्टरांनी शेवटी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली आणि स्पष्टच बोलले. "दिवसाला वीस सिगारेटी ओढता. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आवळतात, तुटल्या जागी रक्त पोचत नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरावा लागेल. पण तीन महिने तंबाखू पूर्ण बंद, मग लघवीची तपासणी, ती स्वच्छ आली तरच ऑपरेशन. हे दुसऱ्यांदा फसलं तर पायाची खात्री मी देणार नाही."

हे म्हणाले, "सोडली." जशी काही टोपीच काढून ठेवायची होती.

त्याच इमारतीत खाली व्यसन सोडवणाऱ्या सल्लागार बाई बसतात. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी काही तासांतच अस्वस्थ वाटायला लागेल, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, पहिला आठवडा जड. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं, लक्ष न लागणं, बद्धकोष्ठ, तोंडात फोड, खोकला, हे सगळं होतं आणि जातं. बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत ओसरतं, भूक तेवढी जास्त दिवस राहते. "पण छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर ते सिगारेटच्या नावावर खपवायचं नाही, लगेच यायचं," असंही म्हणाल्या. पुढे आणखी बरंच सांगत होत्या, पण मी चार आठवडे एवढंच गाठीशी बांधलं. चार आठवडे मी काहीही सोसेन म्हटलं.

"गोळी, अंगाला लावायची पट्टी, काही आधार हवा असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवू," बाई म्हणाल्या.

"काही नको," मीच बोलले. "मनाचा निश्चय पाहिजे."

आणि मग सुरू झाले आमचे दिवस. पहिल्या दिवशी ह्यांचा हात शंभर वेळा रिकाम्या खिशाकडे गेला. दुसऱ्या दिवशी मशीनचा आवाज सहन होईना. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त आहे म्हणून ताट भिंतीवर गेलं. मीठ बरोबर होतं. मी गप्प बसणारी बाई नव्हे, माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही असं माझ्या सासूबाईही म्हणायच्या. पण त्या दिवशी मी ती आमटी पुसली आणि एक शब्द काढला नाही. मनात म्हटलं, हे तर सांगितल्याप्रमाणेच चाललंय.

रात्री झोप नाही, आणि लागली तर स्वप्नात सिगारेट ओढून दचकून जागे व्हायचे. "ओढली ना गं मी?" असं घाबरून विचारायचे. मी म्हणायचे, "स्वप्नातली मोजत नाहीत, झोपा." दहा-बारा दिवसांनी खोकला वाढला. मी घाबरले, सल्लागार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छातीतली साफसफाई पुन्हा सुरू झाली की काही दिवस असं होतं, ताप नाही, रक्त नाही ना, मग काळजी करू नका. तोंडातले फोड बरे झाले. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी माझ्या एका गिऱ्हाइकाशी हसून गप्पा मारल्या. महिना भरला तेव्हा झोप लागायला लागली होती आणि पोट सुटायला लागलं होतं. येता-जाता तोंड चालू. मी पँटी आखूड करायचे, ह्यांच्या मात्र कमरेत सैल करायला लागल्या.

मी सगळ्यांना सांगून टाकलं, "सुटली हो एकदाची. महिना झाला, आता कसली तल्लफ नि कसलं काय." शेजारीण, गिऱ्हाइकं, धाकटे दीर, सगळ्यांपुढे. हे खुर्चीत बसून ऐकायचे आणि मान डोलवायचे. मला वाटायचं, अभिमान वाटतोय.

पुढचे सहा-सात आठवडे घरात खरंच शांतता होती. दीर डिलिव्हरीची व्हॅन चालवतात, दर रविवारी येऊन भावाशेजारी बसायचे. मी निर्धास्त होते. ऑपरेशनची तारीखही ठरली.

आणि अकरावा आठवडा संपता संपता एका सकाळी मशीनचा आवाज पुन्हा सहन होईना.

"बंद कर ते," हे ओरडले. मी पाय थांबवला. दुपारी डोकं दुखतंय म्हणाले. रात्री कूस बदलत राहिले, कुबड्या घेऊन तीनदा उठले. दुसऱ्या दिवशी पेपर हातात धरून एकाच पानाकडे बघत बसले, आणि पेल्यात पाणी कमी का म्हणून माझ्यावर खेकसले. हात खिशाकडे जात होता.

मी शिवता शिवता हे सगळं पाहत होते. ही लक्षणं मला तोंडपाठ होती. पण ती पहिल्या दिवसाची, दुसऱ्या दिवसाची. तिसऱ्या महिन्यात पुन्हा पहिला दिवस उगवतो कसा? हळूहळू ओसरलेलं दुखणं असं त्याच क्रमाने, त्याच जोरात परत येत नाही. मध्ये काहीतरी पोटात गेलं असेल, आणि ते नुकतंच बंद झालं असेल, तरच येतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी शर्ट हुंगले. उशी हुंगली. खिडकीबाहेर वाकून थोटकं शोधली. धुराचा मागमूस नव्हता. हा माणूस कुबड्यांशिवाय संडासापर्यंत जाऊ शकत नाही, याला गुपचूप आणून देईल असं एकच माणूस घरात येतं.

रविवारी दीर आले. मी मशीनवरून उठले, दार लावलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"भाऊजी, काय आणून देता ह्यांना?"

दिरांनी भावाकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"वहिनी, सिगारेट नाही, शप्पथ. गम होता. चघळायचा. औषधाच्या दुकानात मिळतो, सिगारेट सोडायलाच असतो तो."

"त्यात काय असतं?"

उत्तर ह्यांनी दिलं. "निकोटीन असतं. मला कुठे माहीत होतं? औषध आहे म्हटल्यावर मी खाल्लं. गेल्या बुधवारी हा दुकानदाराला बोलून गेला की भावाची तपासणी आहे, तेव्हा तो म्हणाला की गमनेही लघवीत सापडतं. यानं लगेच फोन करून मला सांगितलं. त्या दिवसापासून बंद केलाय."

"किती दिवस खात होतात?"

"पाच आठवडे. दिवसाला सहा-सात."

म्हणजे एकीकडे मी जगाला सांगत होते सुटली सुटली, आणि दुसरीकडे हे तोंडात घोळवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दिरांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते चहा न घेताच गेले.

दार लागल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, "ऐक. तपासणीला अजून आठवडा आहे. तोवर शरीरातून निघून जाईल, दुकानदारानेच सांगितलंय. स्वच्छ येईल. तू फक्त बोलू नकोस."

"आणि हाड?"

"तारीख गेली तर पुन्हा कधी मिळेल? मला या खुर्चीत आणखी एक महिना बसवत नाही गं. वेड लागेल मला."

आठवडाभर मी त्याच विचारात शिवत होते. बोलावं तर नवऱ्याचा विश्वास जातो, गप्प बसावं तर कदाचित पाय. दोन पँटी चुकीच्या मापाने कापल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी नर्सने ह्यांच्या हातात बाटली दिली. ती भरून देण्याआधी डॉक्टरांनी आत बोलावलं, पायाची फिल्म पाहिली, वर बघितलं आणि सहज विचारलं, "तीन महिने काहीच नाही ना? कुठल्याही रूपात?"

"नाही," हे म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका भरवसा होता.

"गम खाल्लाय," मी म्हटलं. "पाच आठवडे. बारा दिवसांपूर्वी बंद केला."

हे माझ्याकडे वळले. बावीस वर्षांत त्या नजरेने ह्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "गम सिगारेटइतका वाईट नाही," ते म्हणाले. "त्यात धूर नसतो. सुरुवातीलाच विचारलं असतंत तर मी स्वतः आखून दिला असता आणि ऑपरेशनच्या आधी वेळेत सोडवला असता. आता लपून पाच आठवडे निकोटीन गेलंय, त्यामुळे मी घाई करणार नाही. तारीख महिनाभर पुढे. तपासणीही पुन्हा." मग ह्यांच्याकडे झुकून विचारलं, "पण मला एक सांगा, सगळ्यात वाईट दिवस तुम्ही नुसत्या निश्चयावर काढलेत. मग सहाव्या आठवड्यात, सगळं शांत झाल्यावर, गम का लागला?"

हे बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"कारण घरात सगळे म्हणत होते की संपलं," हे म्हणाले. "महिना झाला, आता कसली तल्लफ. पण मला यायची. चहा झाला की यायची, जेवलो की यायची. मला वाटलं, सगळ्यांची जाते, माझीच जात नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. कुणाला सांगायची लाज वाटली."

"अहो, तल्लफ महिनोन्‌महिने अधूनमधून येतेच," डॉक्टर म्हणाले. "काही मिनिटं राहते, ओढली नाहीत तरी जाते. दिवस जातील तशी विरळ होते. चार आठवड्यांत ओसरते ती चिडचिड, ओसरतं ते झोप उडणं. तल्लफ आली म्हणजे तुम्ही हरलात असं कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं ते आम्हा दोघांना माहीत होतं. ह्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रिक्षात ह्यांचा पाय माझ्या मांडीवर आडवा होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने काडी ओढून सिगारेट पेटवली आणि धूर आमच्या रिक्षात आला. ह्यांच्या मांडीचा स्नायू माझ्या हाताखाली ताठ झाला.

"हवीशी वाटतेय," हे म्हणाले. रस्त्याकडे बघत, अगदी हळू. तीन महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी मला हे सांगितलं.

माझ्या जिभेवर नेहमीचं 'आता कसली तल्लफ' आलं होतं. मी ते गिळलं.

"वाटू दे," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

सिग्नल सुटला. दोन चौक गेले, तिसरा गेला, आणि मग हळूहळू ह्यांचा पाय सैल पडून माझ्या मांडीवर जड झाला.