पेपर येतात, विषय नाही

"ताई, हे मागच्या सत्राचे प्रश्न आहेत." अभ्यासकेंद्राच्या खिडकीतल्या मानसिंग सरांनी माझा स्वाध्याय परत सरकवला. "नाही चालणार."

वीस पानं हातानं लिहिलेली, बाई! पदवीची सहा वर्षांची मुदत याच सत्रात संपते आणि व्यवस्थापनाचा हा एकच विषय राहिलाय. स्वाध्याय नाही तर निकाल अपुरा. निकाल नाही तर पदवी नाही, आधीचं सगळं पास झालेलं मातीत. आज रविवार, शेवटची तारीख, खिडकी पाचला बंद. घड्याळात एक वाजला होता.

चूक माझीच. रविवारचे वर्ग मला कधी मिळाले नाहीत, महापेच्या कंपनीत स्टोअरला दर रविवारी ड्यूटी. आज कशीबशी सुट्टी मागून आले. त्यामुळे सगळा अभ्यास केला तो जुन्या पेपरांवर. आमच्या ग्रुपवर वर्गातल्या सोनमनं एक फोल्डर टाकलंय, त्यात पाच वर्षांचे परीक्षेचे पेपर आणि त्यांच्यातच स्वाध्यायाचे जुने प्रश्नही. पेपर जुना चालतो, स्वाध्याय जुना चालत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? गाढव आहे मी!

"सर, आत्ता लिहून दिलं तर?"

"पाचच्या आत द्या. पण नवे प्रश्न, पाचही."

मोबाईलवर नवे प्रश्न उघडले, जिन्यातच बसले. नियोजन, संघटन, प्रेरणा, नियंत्रण. हे चारही जुन्या पेपरांत इतक्यांदा आलेले की हात आपोआप चालला. मनात म्हटलं, वाचले.

पाचवा वाचला आणि पेन थांबलं. 'संदेशवहनातील अडथळे, उदाहरणासह.' पाच वर्षांत एकदाही विचारलेलं नाही, म्हणून ते युनिट मी उघडलंच नव्हतं. साडेतीन झालेले. पिशवीतलं पुस्तक काढलं, पानं कोरी करकरीत. एक ओळ वाचायची, एक लिहायची. घाम डोळ्यांत उतरत होता. उदाहरण कुठलं द्यायचं? दिलं आमच्या स्टोअरचं, मॅनेजर एक बोलतो, लोडर दुसरंच ऐकतात.

पाचला दहा कमी असताना सरांनी शिक्का मारून पोचपावती दिली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नाही पडला.

बाहेर येऊन नवऱ्याला, रणजीतना, फोन लावला. ते मार्केटात माथाडी आहेत, मागं पोती उतरल्याचा आवाज.

"घेतलं का गं?"

"घेतलं."

"मग रडतेस कशाला?"

"अहो, एकोणीस दिवसांनी परीक्षा आहे. जे आजवर कधी आलं नाही तेच यंदा आलं तर? मला पेपर येतात हो. विषय येत नाही."

मागचा आवाज दूर गेला, ते बाजूला आले होते. मग म्हणाले, "किती युनिटं उघडली नाहीस?"

मी मोजली. "सात."

"देवा रे," ते म्हणाले. आणि त्यांचा आवाजही माझ्यासारखाच कापला.