शिवण उजव्या हाताला

सोनपेठच्या स्टँडसमोर राजेश्रीचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. एक काँप्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि समोर कायम चार-दोन वैतागलेली माणसं. सरकारी पोर्टल बसलेलं असलं की माणसं पोर्टलवर चिडत नाहीत, राजेश्रीवर चिडतात. तिला त्याची सवय झाली होती. तिला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. माणसाच्या हातात कागदांचा गठ्ठा, आणि पोर्टलवर त्या गठ्ठ्यासाठी जागा एक. एका जागेत एकच फाईल. दुसरी टाकायला जावं तर पहिली गायब.

त्यामुळं सगळी पानं स्कॅन करायची, एकाखाली एक लावायची आणि त्यांची एक पीडीएफ बांधायची, हे तिचं रोजचं काम. यात गावातले बाकीचे केंद्रवाले कुठं फसतात हे तिला पाठ होतं. पानांना एक, दोन, तीन अशी नावं दिली की काँप्युटर एकच्या मागं थेट दहा आणून बसवतो आणि दोन बिचारा मागं राहतो. म्हणून राजेश्री शून्य एक, शून्य दोन अशी नावं द्यायची. मोबाईलवरून फोटो निवडताना शेवटचा फोटो सगळ्यात आधी येतो, म्हणून ती मोबाईलवरून पानं घेतच नसे. "माझ्या फाईलीला त्रुटी लागत न्हाई," असं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही होता.

भक्तीचं काम तिनं त्याच तोऱ्यात केलं.

भक्ती म्हणजे बन्सीधरबाबांची नात. आईबाप दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जातात, पोरगी आजोबांजवळ राहून बारावी झाली. तिला नर्सिंगला नंबर लागला होता. घराण्यात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळं बन्सीधरबाबा भेटेल त्याला थांबवून सांगायचे. पण जागा राखीव होती आणि प्रवेश तात्पुरता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात पोचलं तर पोरगी शिकणार, नाही पोचलं तर जागा दुसऱ्याची.

पडताळणीला जुना पुरावा लागतो. बन्सीधरबाबांनी चुलतभावाच्या घरून निजामाच्या वेळचं एक वाटणीपत्र शोधून आणलं. जाड दोऱ्यानं शिवलेली सहा पानांची वही, सगळी उर्दूत. त्यात त्यांच्या आजोबांचं नाव होतं आणि नावापुढं जात होती. परभणीच्या काझी मास्तरांकडून पानागणिक मराठी भाषांतर करून घेतलं. राजेश्रीनं वही हळुवार उलगडून एकेक पान स्कॅन केलं, प्रत्येक उर्दू पानाखाली त्याचं भाषांतर लावलं, साईज बसवली आणि फाईल चढवली. बन्सीधरबाबांनी वही पुन्हा धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेतली.

दिवाळी सरली आणि पोर्टलवर पडताळणी समितीचं उत्तर आलं. मूळ दस्तऐवज व भाषांतर परस्परांशी जुळत नाही, दस्तऐवजाच्या खरेपणाबाबत खुलासा करावा.

राजेश्रीनं ते दोनदा वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. 'खरेपणाबाबत' या शब्दाशी म्हातारा थांबला.

"म्हंजे आमी खोटा कागद आणला, असं म्हनायलेत का?"

"तसं थेट न्हाई म्हनले, बाबा."

"मग कसं म्हनले?"

पोर्टलवरचा शब्द आणि गावातली जीभ यांत फार अंतर नसतं. आठवड्याच्या बाजारापर्यंत बोभाटा झाला की बन्सीधरनं पैसे देऊन बोगस कागद करून घेतला. चुलतभावाच्या पोरांनी बोलणं टाकलं, कारण वही त्यांच्या घरातून आलेली, उद्या चौकशी त्यांच्या दारात येईल. पण म्हाताऱ्याला खरं लागलं ते वेगळंच. कर्नाटकातून मुलाचा, परमेश्वरचा फोन आला. बन्सीधरबाबांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तो राजेश्रीच्या केंद्रातच स्पीकरवर घेतला.

"बाबा, खरं सांगा," परमेश्वर म्हणाला. "तुमी ते कागद कुठून आनलं? पोरीच्या जिवाशी खेळ हाय ह्यो."

चार माणसं ऐकत होती. बन्सीधरबाबांनी फोन तसाच भक्तीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. भक्ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. तिनंही मनातून विश्वास काढून घेतला होता की काय, हे राजेश्रीला कळलं नाही. तिला स्वतःलाच म्हाताऱ्याचा संशय येत होता आणि त्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं फाईल उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली. एकही पान सुटलेलं नव्हतं, उलटं नव्हतं, अक्षर पुसट नव्हतं. शून्य एकपासून शेवटपर्यंत सगळं ओळीत. मग चूक भाषांतराचीच, असं तिनं ठरवलं आणि जरा घुश्शातच काझी मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी फाईल मोबाईलवर मागवून घेतली. पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज शांत होता.

"बेटा, पहिल्या उर्दू पानावर साक्षीदारांच्या सह्या आहेत. आणि त्याच्याखाली तू माझं पहिलं भाषांतर लावलंस, ज्यात नावं आणि जात आहे. सह्या तर दस्ताच्या शेवटी असतात ना?"

"पण मास्तरसाहेब, मी वही पहिल्या पानापासनं घेतली."

"वही समोर आहे?"

वही बाहेर बाकड्यावर बन्सीधरबाबांच्या मांडीवर होती. गावात तोंड दाखवायला नको म्हणून ते आता दिवसभर तिथंच बसत. राजेश्रीनं वही मागून घेतली आणि काउंटरवर ठेवली, जशी आपण कुठलीही वही ठेवतो तशी, शिवण डाव्या हाताला.

"आता शिवण उजव्या हाताला येईल अशी पालथी कर," मास्तर म्हणाले. "उर्दू उजवीकडून चालते. तिची वहीसुद्धा उजवीकडून उघडते. तू मागनं पुढं आलीस, बेटा."

राजेश्रीनं वही पालथी केली. मागचा पुठ्ठा समजून जो तिनं खाली दाबला होता, त्यावर सरकारी शिक्का होता आणि वर ठळक अक्षरात मथळा. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण मथळा कळायला अक्षर लागत नाही. सहाच्या सहा पानं उलट्या क्रमानं चढली होती. एकाही पानाखाली त्याचं स्वतःचं भाषांतर नव्हतं. समितीतल्या माणसानं नावाच्या पानाखाली साक्षीदार वाचले असतील, साक्षीदारांच्या पानाखाली नावं, आणि त्याला दुसरं काय वाटणार होतं? शून्य एक, शून्य दोन लावण्याचा सगळा तोरा त्या एका पुठ्ठ्याखाली गेला.

तिनं गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. शिवण उजवीकडं ठेवून एकेक पान स्कॅन केलं. प्रत्येक पान मास्तरांना पाठवून त्यांनी नंबर सांगितल्यावरच त्याला नाव दिलं. मग उर्दू पान, त्याखाली त्याचंच भाषांतर, असं लावत गेली. बांधलेली फाईल जागेपेक्षा मोठी झाली, तेव्हा रंग काढून करडी केली, पण अक्षर बारीक होऊ दिलं नाही. शेवटी बांधलेली फाईल उघडून मास्तरांना पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला लावली. ते "हो" म्हणाले तेव्हाच ती त्रुटीपूर्ततेच्या जागेत टाकली. तिथंही जागा एकच होती.

खाली खुलाशाचा रकाना होता. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहिण्याची पद्धत आहे. त्या दोन शब्दांत सगळ्या तालुक्याच्या चुका मावतात. राजेश्रीची बोटं सवयीनं तेच टाइप करू लागली. मग तिला बाहेरचं बाकडं दिसलं. तिनं लिहिलेलं पुसलं आणि लिहिलं, की उर्दू दस्तऐवजाची पानं केंद्रचालकानं उलट्या क्रमानं जोडली, अर्जदाराचा यात दोष नाही. पाठवून दिलं आणि ती बाहेर गेली.

"बाबा, कागद खरा हाय. चूक माझी हाय. मी वही उलटी धरली."

ती शिव्यांची वाट बघत होती, आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"परमेश्वरला फोन लाव," ते म्हणाले. "तुझ्या तोंडानं सांग. माझं त्यो ऐकायचा न्हाई."

फोन लागला नाही. उसाच्या फडात रेंज नसते. म्हातारा तिथंच बसून राहिला आणि राजेश्री दर थोड्या वेळानं लावत राहिली. दिवस कलल्यावर कुठं तो लागला. तिनं सगळं सांगितलं. पलीकडून परमेश्वर फक्त "बरं" म्हणाला, आणि मग, "बाबाला द्या." बन्सीधरबाबांनी मान हलवली. त्यांना बोलायचं नव्हतं.

समितीनं खुलासा मान्य केला. कुणाला सुनावणीला बोलावलं नाही, चौकशी आली नाही. पण फाईल पुन्हा रांगेच्या शेवटी गेली होती आणि रांग तिच्या चालीनं चालते. राजेश्री रोज सकाळी केंद्र उघडलं की आधी भक्तीचा अर्ज बघायची. कॉलेजला तिनं दोन मेल केले, एकदा परभणीला जाऊन पावती दाखवून आली. तिथल्या बाईंनी सहानुभूतीनं ऐकलं आणि तारीख हातात नाही असं सांगितलं. तारीख गेली. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

प्रमाणपत्र त्यानंतर आलं.

भक्ती ते घ्यायला आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती आणि स्टँडवर मुकादमाची जीप उभी होती. राहिलेली माणसं फडावर न्यायला ती आली होती. घरी बसून काय करायचं, म्हणून भक्ती आईबापाकडं निघाली होती. राजेश्रीनं जाड कागदावर प्रिंट काढली. शिक्का, सही, नाव, सगळं आपापल्या जागी होतं.

"ह्ये किती दिवस चालतं, ताई?"

"जन्मभर. पुढच्या साली परत लागलं तर हेच चालतं. पुढच्या साली आपण..." राजेश्रीला माफी मागायची होती आणि कुठल्या शब्दांनी मागायची ते समजत नव्हतं.

जीपचा हॉर्न वाजला. भक्तीनं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं आणि पिशवीत घालता घालता थांबली. पिशवीत कपड्यांवर नवा कोयता होता, फडक्यात बांधलेला. तिनं कागद परत काउंटरवर ठेवला आणि राजेश्रीकडं सरकवला.

"तुमच्याजवळच ठेवा, ताई," ती म्हणाली. "फडात भिजंल."