दार कोणी लावलं

हरिदास मुलगी बघायला एकटाच आला, तेव्हाच खरं तर घरात कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. मुलगी बघायला माणूस बहीण-भावजयीला घेऊन येतो. पण ज्ञानदा जन्मापासून ठार बहिरी, आणि बहिऱ्या मुलीसाठी आलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं, असं तिच्या आईनं, मंदाकिनीबाईंनी, मनाशी ठरवूनच टाकलं होतं. हरिदासचं रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांचं दुकान, वय पंचेचाळिशीच्या पुढे, पहिली बायको वारलेली. ती कशानं वारली हेही कोणी विचारलं नाही.

ज्ञानदा बावीस वर्षांची. मूकबधिरांच्या शाळेत ती आठवीपर्यंत शिकली, आणि तिथेच तिला भाषा मिळाली: हातांची. त्या भाषेत ती भांडायची, चहाड्या करायची, पोट धरून हसायची. पुढच्या वर्गांसाठी वसतिगृहात राहावं लागे, आणि वसतिगृह फक्त मुलांचं होतं. मुलींनी बारावी करावी असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शहाणी झाल्यावर तर आईनं तिचं बाहेर जाणंच बंद केलं. "मागून कोणी आलं तर तिले ऐकू येते का?" असं ती शेजारणीला सांगे. धाकट्या राजसला मात्र नव्या रायपूरच्या कॉलेजात जायला मोटारसायकल मिळाली. ज्ञानदाला चौबे कॉलनीतलं घर, गच्ची आणि कुलूप मिळालं. सुरक्षिततेसाठी हो, दुसरं काय.

घरात तिची भाषा कोणी शिकलं नाही. जेव, झोप, पाणी आण, पाहुणे आलेत, एवढ्या चार-दोन खुणांवर त्यांचा संसार चालला होता. ओठ वाचून ज्ञानदाला घरच्यांचं अर्धंमुर्धं कळे. तिचं मात्र कोणालाच कळत नसे.

त्या दुपारी तिला चहाचा ट्रे देऊन पुढच्या खोलीत पाठवलं. ती ट्रे टेबलावर ठेवून वळली, तर दार बंद होत होतं. फटीतून आईचा हात दिसला. तिनं धावत जाऊन दारावर पंजे टेकले. बाहेरून कडी पडल्याचा धक्का तळव्यांना कळला.

ती वळली तेव्हा हरिदास अगदी जवळ उभा होता. त्यानं तिचा पदर धरला. तिनं त्याला ढकललं, त्यानं तिच्या थोबाडीत मारली आणि खाली पाडलं. तिच्या गळ्यातून आवाज निघत होता, तो तिला छातीत जाणवत होता; म्हणजे तो दारापलीकडेही जातच असणार. दार उघडलं नाही. त्याचा हात तिच्या तोंडावर आला, तेव्हा ती कडकडून चावली, रक्त येईपर्यंत चावली. मग त्यानं तिचा उजवा हात पकडला आणि बोटं उलटी वाकवली. दोन बोटं मोडली. तिनं डाव्या हातानं किटली उचलून गरम चहासकट त्याच्या तोंडावर हाणली. तो दारावर जाऊन आदळला आणि लाथा मारायला लागला, तेव्हा कुठे कडी निघाली.

आईनं आधी हरिदासच्या तोंडावर ओला टॉवेल ठेवला. ही गोष्ट ज्ञानदा जन्मात विसरणार नाही.

तो गेल्यावर मायलेकांचं बोलणं सुरू झालं. कोपऱ्यात बसून ती ओठ पाहत होती.

"आई, पोलिसात जाऊ," राजस म्हणाला.

"पागल झाला का? उद्या तुले कोण पोरगी देईन? धड पोट्टी असती तर गोष्ट वेगळी. हिले दुसरा कोण करणार हाये? तो अजून तयार हाये म्हणे. ह्याच आठवड्यात उरकून टाकू."

राजसनं मान खाली घातली. शहाण्या मुलांची मान अशा वेळी फार लवकर खाली जाते.

ज्ञानदा उठली. शाळेत शिकलेल्या खुणांनी, मोडक्या बोटांनी, ती सांगायला लागली. नाही. नाही. पोलीस. आईनं ते हात हवेतच धरले. "शेजारचे पाहतील," ती राजसला म्हणाली. मग दोघांनी मिळून ओढणीनं तिचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे हात बांधले की तोंड आपोआप दाबलं जात होतं.

सकाळी आई देवळात गेली आणि राजस न्हाणीत होता. ज्ञानदानं दातांनी गाठ सोडली आणि अनवाणी निघाली. पोलीस ठाणं शाळेच्या बसमधून रोज दिसायचं. रस्त्यात मागून गाडीनं हॉर्न दिला असेल, कारण अचानक एक माणूस तिच्यासमोर येऊन हात उगारून ओरडत होता. ती चालत राहिली.

ठाण्यात साहू मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी सुजलेला हात पाहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग तीच चूक केली जी सगळेच करतात. "घरवाले ही समझेंगे इसकी बात," असं म्हणून त्यांनी घरचा नंबर लिहायला लावला; डाव्या हातानं ज्ञानदाला आकडेच जेमतेम जमले, त्यावर त्यांनी फोन लावला.

मायलेक धावत आले. ज्ञानदा डाव्या हातानं सगळं सांगत गेली: दार, तो माणूस, बोटं. आई त्या हाताकडे पाहून मान डोलवत होती, जणू अक्षर न् अक्षर कळतंय. मग ती मॅडमकडे वळली.

"बोल रही है कि सीढ़ी से गिर गई. शादी तय है ना मैडम, थोड़ा डर गई है."

'गिर' आणि 'शादी' ज्ञानदानं आईच्या ओठांवर वाचलं. मॅडम लिहायला लागल्या.

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संतापानं, दुसऱ्या कशानं नाही. हाताचं सांगणं कोणी ऐकत नाही ना, मग ठीक. तिनं शेजारी बसलेल्या राजसचा उजवा पंजा धरला, टेबलावर आपटला, त्यावर अंगाचा सगळा भार टाकला आणि त्याची दोन बोटं मागे वाकवत नेली. राजस खुर्चीतून घसरला. एक शिपाई धावला, पण साहू मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. त्या एकदा राजसच्या बोटांकडे आणि एकदा ज्ञानदाच्या सुजलेल्या बोटांकडे पाहत होत्या. नेमकी तीच दोन.

राजस किंचाळला, "आई, सांग ना तिले! कडी तू लावली होती, मी नाही!"

ज्ञानदाला ते ऐकू आलं नाही. आईचा चेहरा पांढरा पडलेला मात्र दिसला, आणि मॅडमचं पेन थांबलेलं दिसलं. तिनं राजसचा हात सोडला.

साहू मॅडम रायपूरच्याच, मराठी घरांच्या शेजारात वाढलेल्या. एवढं मराठी त्यांना कळत होतं. त्यांनी मायलेकांना बाहेर काढलं. लिहिलेला कागद फाडला. अशा मुलीचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षक समोर असतानाच आणि व्हिडिओ काढूनच घ्यायचा असतो, हे त्यांना आता आठवलं. आधी मुलाहिजा, म्हणजे डॉक्टरी तपासणी झाली, बोटांना पट्टी लागली. दुपारी ज्ञानदाच्या शाळेतल्या शर्मिष्ठादीदी आल्या.

दीदींचे हात हलले आणि ज्ञानदा रडली. इतक्या वर्षांत कोणी तिला पूर्ण वाक्यात काही विचारलं नव्हतं.

कॅमेरा लागला. तिनं सगळं सांगितलं, दीदी मोठ्यानं बोलत गेल्या, मॅडम लिहीत गेल्या. हरिदासचं नाव, तोंडावरचा हात, चावा, किटली. मग मॅडमनी एक प्रश्न विचारला. दीदींनी आधी खुणेनं बजावलं: ह्याचं उत्तर लिहिलं जाईल, ज्याचं नाव घेशील त्याच्यावरही गुन्हा लागू शकतो, विचार करून सांग. मग प्रश्न विचारला. दार बाहेरून कोणी लावलं?

काचेच्या दारापलीकडे बाकावर आई बसली होती. आत बघत होती, नेहमीसारखी काही न समजता.

ज्ञानदानं तिच्याकडे पाहिलं. शाळेत शिकलेली खूण तिनं वापरली नाही. लहानपणी, शाळा माहीत व्हायच्या आधी, ती आईला जशी हाक मारायची तशी तिनं मारली: डाव्या हातानं खांद्यावर पदर ओढून घेतल्यासारखं केलं, आणि मग दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर मंदाकिनीबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. तेवढी एक खूण त्यांना येत होती.

"आईनं," शर्मिष्ठादीदी म्हणाल्या, आणि साहू मॅडमनी ते लिहून घेतलं.