उजव्या डोळ्याचा फोकस

लेन्स बिघडली आहे, हे मी त्या दिवशी सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. सूनबाई चारही वेळा "बघू या" म्हणाली. मला या "बघू या"चा भयंकर राग येतो. अहो, चौतीस वर्षं या हातात कॅमेरा आहे, बघायचं काय त्यात?

जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात होतो आम्ही. क्लबाच्या भिंतीवर सहा-सहा फुटांचे फोटो लागणार होते आणि काम माझ्याकडे होतं. म्हणजे अजून होतं. पहिला लॉट क्लब चालवणाऱ्या मॅडमनी परत पाठवला होता, दोनच शब्द लिहून, "काका, धूसर". या मॅडम बारा वर्षांची पोर असताना मी त्यांचे फोटो काढलेत, त्यामुळे त्या मला काढून टाकायला कचरत होत्या. पण आज दारातच त्यांनी सांगून टाकलं, "काका, आजचेही तसेच आले तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. राग मानू नका."

राग मानू नका म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पहिल्या लॉटची चूक मात्र माझीच होती, ते कबूल. सूनबाईने लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला होता. बीमवरून, त्या अरुंद लाकडी दांड्यावरून, उडी मारणारी मुलगी, सगळे तिला भिंगरी म्हणतात, तिचे हातपाय फराटल्यासारखे झाले होते, आणि तिच्या पायाखालचा बीम मात्र स्वच्छ.

"बाबा, बीम स्वच्छ आहे म्हणजे तुमचा हात हलला नाही, फोकसही बरोबर आहे. भिंगरी हलली. सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागात ती चांगली दोन-तीन बोटं पुढे जाते. शटर हजारावर न्या."

"हजारावर? या मिणमिणत्या हॉलमध्ये? फ्लॅशला तर परवानगी नाही. काळा ठिक्कर येईल फोटो."

"अ‍ॅपर्चर चारावरून दोन पॉइंट आठला उघडा, आयएसओ आठशेवरून बत्तीसशे करा. हिशोब बरोबर जुळतो."

बत्तीसशे! आम्ही रोलवाली माणसं. आयएसओ वाढवला की कमी उजेडातही फोटो निघतो, पण त्यात रवा पडतो, म्हणून आठशेच्या पुढे मी जन्मात गेलो नव्हतो. ती म्हणाली, "सहा फुटांचा फोटो लोक लांबून बघतात, रवा दिसतही नाही, बाबा. फराटा दिसतो. आणि फराट्यावर औषध नाही." तोंडावर सांगते ही पोरगी. पटलं म्हणून गप्प बसलो. नाहीतर तिला उलट बोलायला मी काही कमी नाही.

तर आज शटर हजार, अ‍ॅपर्चर दोन पॉइंट आठ, आयएसओ बत्तीसशे. फोकस मात्र मी हातानेच करतो. भिंगरी बीमच्या टोकावरून उडणार, म्हणून त्या टोकावर आधीच फोकस लावून ठेवायचा आणि वाट बघायची. ऑटोफोकस म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवणं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

भिंगरीने आठ उड्या मारल्या. बाकावर लॅपटॉप उघडला, फोटो मोठे केले, आणि माझं डोकंच फिरलं. उडी हवेत थिजली होती, तळव्यांवरून उडालेली पावडरसुद्धा जिथल्या तिथे लटकत होती. म्हणजे शटर अगदी बरोबर. पण चेहरा? पाण्यातून बघावं तसा. आणि मागच्या भिंतीला लावलेल्या लाकडी शिडीच्या शिरा मात्र मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट!

"बघ, बघ, सांगत नव्हतो? लेन्स बोंबलली आहे! मी टोकावर लावतो आणि ही बया मागे पकडते."

"दोन पॉइंट आठला एवढ्या लांबून हातभरही जागा फोकसमध्ये येत नाही, बाबा. चाराला जरा चुकलं तरी खपतं, इथे गेलंच."

"माझं चुकत नाही!"

एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडे उलट्या लटकलेल्या दोन मुली सरळ झाल्या. सूनबाईने कॅमेरा उचलला, लेन्सवरचं बटण ऑटोवर सरकवलं, बाकी सेटिंग काही बदललं नाही, आणि बीमच्या टोकावर बसून पाणी पिणाऱ्या भिंगरीचे तीन फोटो काढले. पापण्यांचे केस मोजता आले असते.

लेन्स बिघडलेली नव्हती.

"बाबा, कॅमेऱ्याला कुठला डोळा लावता तुम्ही?"

"उजवा. सगळेच लावतात."

"आणि डावा मिटता."

"मग काय दोन्ही उघडे ठेवून तमाशा बघू? काय चाललंय तुझं?"

तिने लॅपटॉपवर दोन फोटो शेजारी-शेजारी लावले. एक तिचा, एक माझा. "कुठला शार्प?" मी लगेच डावीकडचा, तिचा, दाखवला. एवढं न कळायला मी काय आंधळा आहे?

"आता डावा डोळा हाताने झाका."

झाकला. बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. दोन्ही फोटो सारखेच होते. दोन्हींवर कुणी दुधाचा हात फिरवला होता. शिडी नाही, पापण्या नाहीत, सगळं एकजात मऊ. हात काढला, की डावीकडचा शार्प. झाकला, की सारखेच.

सगळा दिवस दोन डोळ्यांनी बघत होतो, त्यामुळे कळलंच नव्हतं. एकट्या उजव्यावर मी फक्त कॅमेऱ्यामागे विसंबत होतो, आणि तिथेच तर सगळं ठरायचं.

"मोतीबिंदू असेल. डॉक्टरांना दाखवू. बरा होतो तो," ती हळू म्हणाली.

"पण मग एवढे दिवस फोटो कसे चालले? कुणी तक्रार केली नाही ती?"

तिने लॅपटॉपवर जुन्या कामांचं फोल्डर उघडलं. मला काही कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवूनच.

"मी लॅपटॉपवर शार्पनिंग मारून कडा ठसठशीत करत होते, बाबा. दीड वर्ष. थोडे मऊ असले की निभतं, छोट्या प्रिंटमध्ये कळत नाही. सहा फुटांवर निभत नाही."

दीड वर्ष! आणि त्या दीड वर्षात मी काय केलं? "फोटो खरखरीत करतेस, हात जड आहे तुझा" म्हणून गिऱ्हाइकांसमोर तिला झापलं. ती "बरं" म्हणायची. प्रत्येक वेळी.

"मला सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगायला आले होते. तुम्ही लेन्सला शिव्या देत होतात."

मॅडम आल्या. "काका, भिंगरी दमली आहे. एकच उडी मारेल."

मी कॅमेरा सूनबाईपुढे धरला. तिने तो घेतला नाही. माझ्या हातातच तिने फोकसचा चौकोन बीमच्या टोकाच्या वर आणून ठेवला, फोकस सतत पाठलाग करत राहील असं केलं, आणि म्हणाली, "डाव्या डोळ्याने. बटण अर्धं दाबून ठेवा, चौकोन तिच्या छातीवर असू दे. बाकी कॅमेरा करेल."

डाव्या डोळ्याने बघायला गेलो तर नाक स्क्रीनवर चेपलं. भिंगरी धावली. चौकोन तिच्यावर धरून मी बटण दाबतच राहिलो. सात फोटो. चौथ्यात ती हवेत, ओठ दाताखाली धरलेला, आणि कपाळावरचा एकेक घामाचा थेंब वेगळा.

"हा बघा! हा काकांचा फोटो!" मॅडम जोरात म्हणाल्या. "एवढे दिवस काय झालं होतं, काका?"

लेन्स, म्हणावं असं तोंडापर्यंत आलं होतं. सूनबाई खाली मान घालून वायर गुंडाळत होती.

"माझा उजवा डोळा गेला आहे, मॅडम," मी म्हणालो. "दीड वर्ष हिनेच माझे फोटो सावरून घेतले आणि वर माझी बोलणीही खाल्ली."

सूनबाईने वायर पिशवीत टाकली आणि माझ्या हातून कॅमेरा घेऊन लेन्सला झाकण लावलं. सकाळपासून मी कुणावर ना कुणावर चिडत होतो. आता चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.