दादाच्या खाली दादाची सासू

मी खोटे दात बनवतो. कुणाच्या तोंडात काय टोचतंय हे मला साच्याला बोट लावून कळतं. पण दादाला 'कागद करू या' एवढे तीन शब्द माझ्याच तोंडातून बाहेर पडेनात.

दादाची बेकरी आहे. तिची भट्टी बंद पडली आणि एक जुनी, चांगली भट्टी तीन लाखांत मिळत होती. विकणारा चार वाजता पैशांसाठी येणार होता, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. माझ्याकडे बरोबर तीन लाख होते. लेकीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले, दोन वर्षांनी लागणारे. द्यायला माझी ना नव्हती, पण ते परत आले नसते तर लेकीला काय तोंड दाखवणार होतो?

शेवटी धीर करून बोललो. दादा माझ्या कारखान्यातल्या स्टुलावर ताठ बसला.

"सख्ख्या भावाकडून लिहून घेणार तू? माझी सायकल घेतलीस तेव्हा मी लिहून घेतलं होतं?"

"ती तू परत मागितलीस."

"तोंडी मागितली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्म्यावर प्लॅस्टरची धूळ बसली होती, तो काढला आणि त्याच तावात फोनवरून तीन लाख पाठवून टाकले. दादाने पाठीवर हात ठेवला. मलाही उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं आणि डबा बाजूला ठेवला. तिने कोरा कागद पुढे ठेवला.

"कागद आधी, पैसे नंतर, असं असतं. असो. भाऊजी, आता तरी लिहा. वाईट वाटून घेऊ नका, उद्या दोघांपैकी कुणाला काही झालं तर मुलांना कळायला नको?"

दादा घुश्शातच लिहू लागला. तारीख. दोघांची पूर्ण नावं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. बिनव्याजी उसने, भेट नव्हे. दरमहा पाच तारखेला पंधरा हजार, असे वीस हप्ते.

"आता बँकेच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक," बायको म्हणाली, "आणि पैसे कुठल्या खात्यात गेले, त्याचे शेवटचे आकडे."

मी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. दादाची पेन्सिल थांबली.

"शून्य सात? माझ्या खात्याच्या शेवटी बेचाळीस आहे."

आम्ही तिघं फोनवर वाकलो. यादीत 'दादा' होता आणि त्याच्या बरोबर खाली 'दादाची सासू'. गेल्या वर्षी मी तिची कवळी केली होती, तेव्हा जास्तीचे आलेले पैसे तिला परत पाठवले होते. माझा अंगठा एक ओळ घसरला होता.

सव्वातीन वाजले होते. दादाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. सासूला फोन करायची त्याची छाती होईना, म्हणून मीच केला.

"आलेत पैसे," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, कवळीचे उरलेले असतील."

"तीन लाख, मावशी?"

"तुम्ही घेतलेही बरेच होते."

मी चूक सांगितली.

"पाठवते परत. पण तोंडी नको. चुकून आले असं लिहा, सही करा, पावतीसकट फोटो पाठवा. उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारीने गिळले. आणि साक्षीदार म्हणून जावईबापूंची सही हवी."

जावईबापूंनी निमूटपणे सही केली. पावणेचारला पैसे परत आले. पुढे शेरा होता, 'चुकून आलेले परत.'

मी लगेच फोन उचलला, तर दादानेच माझा हात धरला.

"थांब. आधी कागद."

त्याने तो नव्याने पेनने लिहिला, दोन प्रती, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. आम्ही दोघांनी सह्या केल्या. भट्टीवाला चारला दारात टपकला, तर बायकोबरोबर त्यालाही साक्षीदार करून टाकलं. मी आधी शंभर पाठवले. दादाचा फोन वाजला, त्याने बँकेचा मेसेज दाखवला, मग बाकीचे पाठवले. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक दोन्ही प्रतींवर चढले. जाताना दादाने आपली प्रत चौकोनी घडी घालून खिशात ठेवली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. भट्टी मिळाली, भाऊ गेला, असंच मला वाटलं. तो महिनाभर आला नाही, मीही गेलो नाही.

पुढच्या पाच तारखेला, कारखाना उघडायच्या आधीच फोन वाजला. पंधरा हजार आले होते. या वेळी चष्मा घालूनच शेरा वाचला, आणि काच पुन्हा पुसावी लागली.

'हप्ता १. बाकी १९. सायकल तुझीच.'