सही नाकारणाऱ्या घरातली पाल

मी पाल बोलतेय. तोंड वाकडं केलंत ना? करा. मलाही माणसांची किळस येते, पण मी कधी कुणावर झाडू उगारलेला नाही.

माझा जन्म याच घरातला. बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळामागे आईने दोन पांढरी अंडी घातली आणि निघून गेली. आमच्यात ते रीतीला धरूनच असतं. एका अंड्यातून मी निघाले. दुसऱ्याचं काय झालं, ते मुंग्यांना विचारा. मग मी दिव्याच्या पट्टीमागे बिऱ्हाड थाटलं. डास मुबलक, ऊब फुकट.

घरात दोघीच राहतात. एक सरकारी रुग्णालयातली परिचारिका, तिला सगळी इमारत सिस्टर म्हणते. दुसरी तिची आई, गुडघ्यांनी बेजार. या आईनेच एकदा झाडू मारून माझं शेपूट तोडलं. नवीन आलं, पण आखूड आणि बेढब. असो. म्हातारीशी माझं वैर नाही. समोरून मारते, गोड बोलून नाही.

गोड बोलणारा आला तो एका रविवारी संध्याकाळी. सिस्टरची वसतिगृहापासूनची मैत्रीण आहे, चिमणी म्हणतात तिला. हा तिचा नवरा. व्यायामशाळा चालवतो. हातात द्राक्षांची पिशवी आणि तोंडात "ताई, ताई". त्याच्या केसांतलं तेल वरून चकाकत होतं. दोन माश्या त्याच्याभोवती घोटाळत होत्या, पण त्या तेलाचा वास नाकात गेला आणि माझी भूकच मेली.

आधी त्याने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग सिस्टरच्या कष्टांचं कौतुक. चिमणीही बरोबर आली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. शेवटी गाडी मुद्द्यावर आली. नवीन यंत्रं घ्यायची आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे, फक्त कायम नोकरीतला एक जामीनदार हवा.

"फक्त एक सही, ताई. औपचारिकता असते ती."

त्याने कागद पुढे सरकवले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीच्या फुल्या आधीच मारलेल्या होत्या. सिस्टरने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्याचा पाय हलू लागला. असा पाय मी मेलेल्या झुरळाचा पाहिलाय, पण ते बिचारं निदान मेलेलं असतं.

तिने विचारलं, रकमेची जागा कोरी का? तो म्हणाला, ते बँकवाले भरतात. तिने दोन कलमं मोठ्याने वाचली. हप्ते थकले तर बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेलच असं नाही, सरळ जामीनदाराकडून सगळी रक्कम वसूल करू शकते. आणि जामीनदाराच्या पगारातून कापून घ्यायची परवानगी याच सहीत आली. मग तिने विचारलं, आधीचं काही कर्ज आहे का?

"छे छे, नावालाही नाही."

चिमणीने मान खाली घातली. ते मी पाहिलं, सिस्टरनेही पाहिलं.

"मी सही करणार नाही," सिस्टर म्हणाली. विचार करते, उद्या सांगते, असलं काही नाही. खोटी आशा लावून ठेवण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं, एवढंच तिने पुढे जोडलं. त्याचं "ताई" तिथेच संपलं. जाताना त्याने द्राक्षांची पिशवीसुद्धा उचलून नेली. खरं सांगते, मला ओकारी आली.

तो गेल्यावर आईची नजर माझ्यावर पडली आणि तिने झाडू उचलला. सिस्टर म्हणाली, "राहू दे गं तिला. डास खाते, सही मागत नाही."

दुसऱ्या दिवशी चिमणी एकटीच आली आणि दारातच रडू लागली. सिस्टरने तिला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधीचं कर्ज होतं. त्यात चिमणी सहकर्जदार आणि तिचा सख्खा भाऊ जामीनदार. सहा हप्ते थकले, आता दर महिन्याला भावाच्या पगारातून कापून जातं. वहिनीने बोलणं टाकलंय. नवीन कर्ज यंत्रांसाठी नव्हतंच, त्यातून जुनं मिटवायचं होतं.

एवढ्यात तिचा फोन वाजला. तिने घाईने बोट लावलं, चुकीच्या जागी लागलं असावं, कारण आवाज खोलीभर घुमला.

"झालं का? नाही? मग रड अजून थोडं. मी खाली जिन्यातच आहे."

बायकोला रडायला वर पाठवून हा खाली पायरीवर बसलेला! मी गटारातले किडे पाहिलेत. त्यांची मी मनापासून माफी मागते.

चिमणीचा चेहरा राखेसारखा झाला. सिस्टर तिला एक शब्द टाकून बोलली नाही. तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "तुझं रडणं खरं आहे, मला कळतंय. तरीही मी सही करणार नाही. माझी सही म्हणजे तुझ्या भावाच्या जागी मी. खड्डा तेवढाच राहील, माणूस बदलेल. उद्या आईच्या गुडघ्यासाठी मला कर्ज लागलं, तर हे ओझंही बँक माझ्याच नावावर धरेल."

"मग मी काय करू?"

सिस्टरने सांगितलं. बाकी किती ते बँकेकडून लेखी घ्यायचं. व्यायामशाळेतली आधीची यंत्रं बँकेकडे तारण आहेत, म्हणून बँकेच्या परवानगीने विकायची आणि पैसे थेट कर्जखात्यात भरायचे. उरलेल्याची मुदत वाढवून हप्ता लहान करून मागायचा, त्याला भावाचीही संमती लागेल. "रजा काढून मी तुझ्याबरोबर येते. भावाशीही बोलते. पण कागदावर माझं नाव येणार नाही."

चिमणी ताडकन उठली. वसतिगृहात एका ताटात जेवलो ते विसरलीस, म्हणाली आणि दार आपटून गेली. त्या दिवशी सिस्टर जेवली नाही, आणि मीही.

पुढे कित्येक दिवस चिमणी आली नाही. नवऱ्याने सगळीकडे सांगत सुटावं की सिस्टर पैशाची पूजा करते, हे ओघाने आलंच. मग एका सकाळी दार वाजलं. चिमणी उभी होती, पाठीमागे तिचा भाऊ.

"तू बँकेत येतेस म्हणाली होतीस," एवढंच ती बोलली. सिस्टरने चपला घातल्या.

यंत्रं गेली, हप्ता लहान झाला. बदललेल्या अटींवर नवऱ्याची सही लागली, ती त्याने बिनबोभाट केली. सही करायला तो कधीच मागे नव्हता, फेडायची वेळ आली की तो घरी नसे. आता चिमणी भावाकडे राहते, शिवणकामाच्या कारखान्यात जाते आणि हप्त्यातला आपला वाटा भावाच्या हातात ठेवते. इथे येते अधूनमधून. दोघी पूर्वीसारख्या मोठ्याने हसत नाहीत. पण परवा जाताना चिमणीने सिस्टरच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं.

मी आता म्हातारी झालेय. कातडी सैल पडलीय, डास हुलकावणी देतात. बहुतेक वेळ खिडकीच्या चौकटीत असते. काल तिन्हीसांजेला खाली रस्त्यावर तोच दिसला. एका साध्याभोळ्या माणसाच्या खांद्यावर हात, आणि मोटारीच्या टपावर पसरलेले कागद. त्या माणसाने पेनाचं टोपण काढलं. मी घसा फाटेपर्यंत चुकचुकले. एवढ्या उंचावरून त्याला काय ऐकू जाणार?

शंकेची पाल म्हणून माझी एक बहीण माणसांच्या मनात राहते म्हणतात. ती कधी चुकचुकली, तर एवढं करा. झाडू शोधू नका. आधी पेनाचं टोपण लावा.